उताऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं: जमीन विकण्याआधी चूक कुठून शिरली ते शोधा

बेळगाव, खानापूर भागात जमिनीचा व्यवहार ठरला की पूर्वी चर्चा दराची आणि मोजणीची व्हायची. आता बैठकीत पहिला प्रश्न वेगळाच निघतो : उताऱ्यावरचं नाव आधारशी जुळतं का? दर ठरलेला असतो, इसार (सीमाभागात ज्याला संचकार म्हणतात) दिलेला असतो, खरेदीदाराचं कर्जही मंजूर होत आलेलं असतं आणि बँकेचा वकील फाईल परत पाठवतो. कारण एका अक्षराचं असतं. कधी आडनावाचा शेवट वेगळा, कधी वडिलांच्या नावापुढे 'अप्पा' चिकटलेला, कधी 'परशराम'चा 'परसराम' झालेला.

ही चूक बहुतेक ठिकाणी आजची नाही, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची आहे. इतकी वर्षं ती कुणाला नडली नाही, कारण गावात माणूस ओळखीचा होता, तलाठ्याला घर माहीत होतं आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला तीन पिढ्या ठाऊक होत्या. 'चालतंय की' म्हणून काम पुढे जायचं. आता ओळख पटवण्याचं काम संगणकाकडे गेलं आहे आणि संगणकाला घर माहीत नसतं.

अचानक अडचण का वाढली?

कर्नाटकात गेल्या काही वर्षांत तीन गोष्टी एकमेकांना जोडल्या गेल्या. २०२३ मध्ये दस्तनोंदणीसाठी 'कावेरी २.०' ही नवी प्रणाली आली. शेतजमिनीचा सर्व्हे नंबर तिच्यात टाकला की मालकाचं नाव 'भूमी' या महसूल खात्याच्या नोंदीतूनच समोर येतं. बाँड रायटरने दस्तात हवं तसं नाव लिहून भागत नाही. त्यानंतर २०२४ मध्ये उतारे आधारशी जोडण्याची मोहीम गावोगाव राबवली गेली. शिवाय पीककर्ज, अनुदान आणि नुकसानभरपाई यांसाठी शेतकऱ्याची 'फ्रूट्स' प्रणालीत नोंद लागते. तिथेही आधार आणि सर्व्हे नंबर एकाच माणसाच्या नावावर बसावे लागतात.

म्हणजे पूर्वी स्वतंत्र असलेली कागदं आता एकमेकांसमोर उभी केली जातात. त्यांत फरक दिसला की नोंदणी थांबते किंवा बँक 'आधी दुरुस्त करून आणा' सांगते.

चुकीची मुळं: दोन राज्यं, तीन लिप्या

सीमाभागात ही अडचण इतर जिल्ह्यांपेक्षा दाट आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं. त्या काळातली अनेक गावांची दप्तरं मराठीत आहेत, त्याआधीची मोडीतही सापडतात. नंतर नोंदी कन्नडमध्ये होऊ लागल्या. मराठी नाव कानाने ऐकून कन्नडमध्ये लिहिलं गेलं. पुढे २००० च्या सुमारास 'भूमी' योजनेत राज्यभरातले हस्तलिखित उतारे संगणकात भरले गेले. सुमारे ६७ लाख जमीनधारकांचे दोन कोटींच्या आसपास उतारे होते आणि डेटा भरण्याचं काम खासगी एजन्सींच्या ऑपरेटरांनी केलं. छापून आलेली प्रत तलाठ्यांनी तपासायची, अशी पद्धत होती. इतक्या मोठ्या कामात हस्ताक्षर न लागून, घाईने किंवा सवयीने बदललेली नावं राहून गेली. संगणकीकृत उतारा सुरू झाल्यावर त्या तालुक्यात हस्तलिखित उतारा ग्राह्य धरणं बंद झालं आणि चुकीचं नाव हेच अधिकृत नाव बनलं.

लिपीचाही भाग आहे. मराठी 'ज्ञानेश्वर' इंग्रजीत Dnyaneshwar असा लिहिला जातो. तेच नाव कन्नडवरून इंग्रजीत गेलं की Jnaneshwara होतं. माणूस एकच असला तरी दोन स्पेलिंगमध्ये सुरुवातीचं अक्षरच वेगळं आहे. 'चौगुले'चं इंग्रजी Chougule, Chaugule, Chougale असं तीन प्रकारे दिसतं आणि कन्नड उताऱ्यात 'चौगला' किंवा 'चौगले' मिळतं. 'नागोजी' हे मराठी घरातलं नाव लिहिणाऱ्याच्या सवयीने 'नागाप्पा' होतं, 'भरमू'चा 'भरमाण्णा' होतो. जुन्या कागदांत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, अशी लिहिण्याची रीत होती. हे शब्द नावातच मिसळून टाईप झाल्याचीही उदाहरणं दिसतात.

भर म्हणजे उतारा कन्नडमध्ये असल्याने अनेक मराठी शेतकऱ्यांना आपलंच नाव वाचता येत नाही. उतारा दरवर्षी काढला जातो, सोसायटीत जमा होतो, पण त्यात काय लिहिलंय ते विक्रीच्या वेळी पहिल्यांदा कळतं.

उताऱ्यात नेमकं कुठे बघायचं?

कर्नाटकचा आरटीसी उतारा landrecords.karnataka.gov.in वर पाहता येतो. नावासाठी चार रकाने महत्त्वाचे आहेत. रकाना ९ मध्ये मालकाचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, क्षेत्र आणि खाते क्रमांक असतो. रकाना १० मध्ये ही जमीन त्याच्या नावावर कशी आली ते लिहिलेलं असतं, म्हणजे वारसा, खरेदी की वाटणी, आणि त्या फेरफाराचा एम.आर. क्रमांक. रकाना ११ मध्ये बोजा असतो, म्हणजे बँकेचं किंवा सोसायटीचं कर्ज. रकाना १२ मध्ये वहिवाटदार आणि पीक.

बहुतेक लोक फक्त रकाना ९ बघतात. पण दुरुस्तीची किल्ली रकाना १० मध्ये आहे. नाव चुकलं आहे हे रकाना ९ सांगतो आणि ते कोणत्या कागदातून आलं ते रकाना १० सांगतो. दुरुस्ती कुणी करायची, तहसीलदारांनी, प्रांताधिकाऱ्यांनी की उपनिबंधक कार्यालयातल्या दस्ताने, हे त्यावरच ठरतं. चूक जिथे झाली त्या पायरीवरच ती सुधारावी लागते. हे न शोधता सरसकट 'नाव दुरुस्ती'चा अर्ज टाकला की तो महिनोन्‌महिने फिरतो आणि शेवटी 'सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागावी' एवढं एक वाक्य हातात पडतं.

एक उदाहरण, तीन वाटा

समजायला एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातला एक शेतकरी. आधारवर नाव परशराम नागोजी चौगुले. त्याचे तीन सर्व्हे नंबर आहेत आणि तिन्ही उताऱ्यांवर नाव 'परसराम नागाप्पा चौगला' असं आहे. पहिला नंबर १ एकर १२ गुंठ्यांचा, तो विकायचा आहे. दुसऱ्यावर पीकेपीएसचं पीककर्ज आहे. तिसरा गहाण ठेवून बँकेतून कर्ज काढायचं आहे.

इथे दोन वेगळ्या चुका आहेत. 'परसराम' आणि 'चौगला' हा उच्चाराचा फरक आहे. ऐकणाऱ्यालाही तो एकच माणूस वाटतो. पण 'नागोजी' आणि 'नागाप्पा' ही दोन स्वतंत्र नावं आहेत. त्याच गावात खरोखर नागाप्पा चौगुले नावाचा माणूस असू शकतो आणि त्यालाही परशराम नावाचा मुलगा असू शकतो. म्हणून अधिकारी आणि बँकेचे वकील पहिल्या फरकाकडे थोडं सैल बघतात, दुसऱ्याकडे नाही. वडिलांचं नाव बदललं तर ती स्पेलिंगची चूक राहत नाही, माणूस कोण हा प्रश्न उभा राहतो.

आता तिन्ही नंबरांचा रकाना १० उघडू.

पहिल्या नंबरला जमीन वारशाने आली आहे. तहसीलदार कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममधून दोन नकला काढल्या : वारसा वर्दीवरून झालेल्या फेरफाराची आणि संगणकीकरणाच्या आधीच्या एक-दोन वर्षांच्या हस्तलिखित उताऱ्याची. दोन्हींत 'परशराम नागोजी चौगुले' असं स्वच्छ लिहिलं आहे. म्हणजे कागद बरोबर होता, तो संगणकात भरताना चूक झाली. ही सगळ्यांत सोपी वाट. जुन्या हस्तलिखिताशी ताडून अशी नोंद सुधारण्याचं काम तहसीलदारांच्या पातळीवर होतं. अर्जासोबत चालू उतारा, दोन्ही नकला आणि ओळखपत्र जोडलं की मुद्दा कागदावरच सिद्ध होतो. तोंडी सांगण्यासारखं फारसं राहत नाही.

दुसऱ्या नंबरलाही जमीन वारशाने आली आहे, पण वेगळ्या फेरफाराने. नक्कल काढल्यावर दिसतं की वारसा वर्दी लिहितानाच वडिलांचं नाव 'नागाप्पा' पडलं होतं. हस्तलिखित उताऱ्यातही तेच आहे. म्हणजे संगणकाने चूक केलेली नाही, त्याने फेरफार जसा होता तसा उचलला. इथे 'डेटा एंट्रीची चूक' म्हणून केलेला अर्ज टिकत नाही. प्रमाणित झालेला फेरफार सुधारायचा तर कर्नाटक जमीन महसूल कायदा, १९६४ च्या कलम १३६ खाली प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करावं लागतं. नोंद कळल्यापासून ६० दिवसांची मुदत असते. फेरफार तीस वर्षांपूर्वीचा असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडून, चूक केव्हा आणि कशी कळली ते सांगावं लागतं. सहखातेदार असतील तर त्यांना प्रतिवादी करून नोटिसा जातात. त्यांनी 'हरकत नाही' असं लेखी दिलं तर मार्ग मोकळा होतो. भाऊबंदकी असेल तर हीच जागा अडवणुकीची ठरते.

तिसरा नंबर खरेदीचा आहे. रकाना १० मध्ये खरेदीपत्राचा हवाला आहे. उपनिबंधक कार्यालयातून दस्ताची नक्कल काढली तर खरेदीदाराच्या वडिलांचं नाव दस्तातच 'नागाप्पा' आहे. बाँड रायटरने लिहिलं, घाईत सह्या झाल्या आणि तेच पुढे फेरफारात, उताऱ्यात गेलं. इथे तहसीलदार किंवा प्रांताधिकारी काही करू शकत नाहीत, कारण महसूल खातं नोंदलेला दस्त बदलू शकत नाही. आधी मूळ दस्ताचं चूक-दुरुस्तीपत्र नोंदवावं लागतं आणि त्यावर विकणारा व घेणारा अशा दोघांच्याही सह्या लागतात. मूळ विकणारा हयात नसेल तर त्याचे सगळे वारस. त्यांनी नकार दिला, किंवा सापडलेच नाहीत, तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम २६ खाली दिवाणी न्यायालयात दस्त दुरुस्तीचा दावा एवढाच मार्ग उरतो. दुरुस्तीपत्र नोंदलं की त्याच्या आधारे नवा फेरफार आणि मग उतारा.

एकाच माणसाच्या, एकाच चुकीच्या तीन उताऱ्यांना असे तीन वेगळे दरवाजे निघाले. रकाना १० न बघता तिन्हींचा एकच अर्ज केला असता तर पहिला सुटला असता आणि बाकीचे दोन पडून राहिले असते. किंवा त्या दोघांच्या पायात पहिलाही अडकला असता.

तहसीलदारांकडची वाट प्रत्यक्षात कशी चालते?

अर्ज दिल्यावर तो तलाठी आणि सर्कल यांच्याकडे चौकशीला जातो. गावात पंचनामा होतो, शेजारच्या शेतकऱ्यांचे जबाब घेतले जातात, सहखातेदारांना नोटीस निघते. अहवाल वर गेला की तहसीलदार आदेश काढतात. पण आदेश म्हणजे दुरुस्ती नाही. तो 'भूमी' प्रणालीत फेरफार म्हणून चढावा लागतो आणि तो चढला की रकाना १० मध्ये नवा एम.आर. क्रमांक दिसतो. आदेशाची प्रत खिशात घालून लोक निर्धास्त होतात आणि विक्रीच्या दिवशी जुनंच नाव स्क्रीनवर येतं. नवा उतारा काढून रकाना ९ आणि १० दोन्ही बघितल्याशिवाय काम संपलं असं समजू नये.

दोन बारीक गोष्टी इथे हमखास चुकतात. पहिली, दुरुस्ती सर्व्हे नंबरावर आणि हिश्श्यावर होते, माणसावर नाही. एका नंबरला नाव सुधारलं म्हणून बाकीचे नंबर आपोआप सुधारत नाहीत. अर्जात प्रत्येक नंबर आणि हिस्सा वेगळा लिहावा लागतो. दुसरी, नवं नाव कन्नडमध्ये नेमकं कसं हवं ते अर्जातच लिहून द्यावं. घटनेच्या अनुच्छेद ३५० प्रमाणे तक्रार निवारणासाठी राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं, म्हणून अर्ज मराठीत देण्याचा हक्क आहेच. पण उताऱ्यावर अक्षरं कन्नडच चढणार आहेत. ती ऑपरेटरच्या कानावर सोडली तर 'चौगला' जाऊन 'चवगुले' येतो आणि फेरी पुन्हा पहिल्यापासून. कन्नड वाचता येणाऱ्या माणसाकडून, घरातल्या शाळकरी मुलीकडून का होईना, ती अक्षरं तपासून घ्यावीत. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' यांच्या ऱ्हस्व-दीर्घ अशा दोन-दोन खुणा आहेत, मराठीत तो भेद नाही. म्हणून सगळ्या नंबरांना एकच रूप ठरवून द्यावं.

प्रतिज्ञापत्र कुठवर पुरतं?

वकिलाकडे गेलं की बहुतेकांना पहिला सल्ला मिळतो : 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करा. ते उपयोगी आहे, पण किती ते समजून घ्यायला हवं. प्रतिज्ञापत्र नोंद बदलत नाही. माणूस स्वतःबद्दल शपथेवर काय सांगतो एवढंच त्यात असतं. 'परशराम' आणि 'परसराम' इतक्या फरकासाठी काही बँका ते स्वीकारतात, दस्तातही 'उर्फ' लावून दोन्ही नावं लिहिली जातात. वडिलांचं नाव किंवा आडनावच वेगळं असेल तर त्यावर विसंबून कर्ज देणं बँकेच्या वकिलाला परवडत नाही. उद्या कर्ज थकलं आणि जमीन विक्रीला काढायची वेळ आली तर 'ही जमीन माझी नाही, नागाप्पाच्या मुलाची आहे' असा वाद उभा राहू शकतो.

'उर्फ' लावून विक्री झालीच, तर अडचण खरेदीदाराकडे सरकते. त्याच्या फेरफाराच्या वेळी कुणी हरकत घेतली की त्याला विकणाऱ्याची ओळख सिद्ध करत बसावं लागतं आणि तोवर विकणारा पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. म्हणून जाणता खरेदीदार दर कमी करून मागतो किंवा थांबतो. नावाच्या चुकीची किंमत विकणाऱ्याने अशीही मोजलेली असते.

प्रतिज्ञापत्रापेक्षा जुना आणि स्वतंत्र कागद जास्त वजनदार ठरतो. शाळेचा दाखला, वडिलांच्या काळातली मतदार यादी, सोसायटीच्या जुन्या कर्जाची नोंद, नाडकचेरीतून मिळालेली वंशावळ. वाद नसताना, दुसऱ्याच कामासाठी तयार झालेला कागद म्हणून त्याच्यावर विश्वास बसतो.

उतारा सुधारायचा की आधार?

काही वेळा चूक उताऱ्यात नसतेच. जन्माचा दाखला, शाळेचा दाखला, फेरफार सगळं एका नावाने असतं आणि आधार काढताना ऑपरेटरने भलतंच स्पेलिंग टाकलेलं असतं. अशा वेळी उताऱ्याला हात लावणं म्हणजे बरोबर असलेला कागद चुकीच्या मापाने कापणं. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून तिथेही विचार करूनच. जास्तीत जास्त जुने कागद ज्या नावाचे आहेत ते नाव कायम ठेवावं आणि उरलेला कागद त्याला जुळवून घ्यावा. नियम साधा आहे, पण लोक नेमकं उलट करतात. आधार हातात असतं, म्हणून तेच खरं मानून चालतात.

लग्न झालेल्या मुलींचं प्रकरण यातून वेगळं काढायला हवं. वडिलांच्या जमिनीत वारसा लागताना मुलीचं नाव कधी माहेरचं पडतं, कधी सासरचं. आधार सासरच्या नावाने असतं. ही स्पेलिंगची चूक नाही, दोन्ही नावं खरी आहेत. इथे 'दुरुस्ती' मागितली तर अर्ज गोंधळतो. विवाह नोंदणीचा दाखला आणि वंशावळ जोडून, लग्नामुळे नाव बदललं असं स्पष्ट लिहूनच नोंद मागावी. बहीण विक्रीच्या दस्तावर सही करायला तयार असूनही तिचं नाव जुळत नाही म्हणून भावाचाही व्यवहार अडतो, तो इथेच.

दुरुस्तीने काय मिळत नाही?

कर्नाटकच्या कायद्यात कलम १३३ प्रमाणे उताऱ्यातली नोंद, ती खोटी ठरेपर्यंत, खरी मानली जाते. म्हणून बँक आणि उपनिबंधक तिला इतकं महत्त्व देतात. पण महसुली नोंद मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. नाव दुरुस्त झालं म्हणून हक्क सिद्ध होत नाही आणि नाव चुकलं म्हणून हक्क जात नाही. म्हणूनच भावाने किंवा चुलत्याने 'ही जमीन मुळात याची नाहीच' अशी हरकत घेतली तर विषय तहसीलदारांच्या हातातून सुटतो आणि दिवाणी न्यायालयात जातो. दुरुस्तीच्या नावाखाली दुसऱ्याची जमीन नावावर चढवण्याचे प्रकार होऊ शकतात, म्हणून चौकशी आणि नोटिसा टाळता येत नाहीत. प्रामाणिक अर्जदाराला तो वेळ जाचतो, पण तीच नोटीस उद्या त्याच्या जमिनीचंही रक्षण करते.

सीमेच्या पलीकडे

अनेक घरांची जमीन दोन्ही बाजूंना आहे. चंदगड तालुक्यातला नंबर महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर, राहतं घर बेळगावात. सातबारा मराठीत असल्याने लिपीचा घोळ कमी आहे, पण संगणकात भरतानाच्या चुका तिथेही आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ खाली लेखनप्रमाद, किंवा ज्या चुकीबद्दल सगळे संबंधित सहमत आहेत ती चूक, दुरुस्त करता येते. अर्ज तहसीलदारांकडे जातो. मालकीच्या वादासाठी हे कलम नाही. सीमाभागातल्या माणसाला तिथे एक वेगळा त्रास होतो : त्याचं आधार कर्नाटकातलं, नाव कन्नड वळणाचं, आणि सातबारा मराठी वळणाचा. अशा वेळी दोन्हीकडचे उतारे एकत्र ठेवून एकच नाव ठरवावं. एका राज्यात सुधारून दुसऱ्या राज्यात बिघडवून घेण्याची वेळ त्यामुळे टळते.

गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यावर नावं रोमन लिपीत असतात आणि पोर्तुगीज काळातल्या दस्तांचं स्पेलिंग वेगळ्याच वळणाचं आहे. नाईकचं Naique, कामतचं Camotim, गावकरचं Gauncar. आजोबांच्या दस्तातलं नाव आणि नातवाच्या आधारवरचं नाव यांत एकही अक्षर नीट जुळत नाही, तरी घर एकच. तिथेही वाट तीच : जुना दस्त, मधल्या नोंदी आणि आजचं नाव यांची साखळी आधी कागदावर जुळवायची, मग अर्ज करायचा.

व्यवहाराआधीचा क्रम

बेळगाव, खानापूरच्या शेतकऱ्यासाठी याचा अर्थ एवढाच की दुरुस्ती संचकाराच्या आधी सुरू व्हावी. करार करून बसल्यावर मुदत पळू लागते आणि समोरचा इसार परत मागतो किंवा दर पाडतो. करार आधीच झाला असेल तर मुदतीची मोजणी दुरुस्त उतारा हातात येईल त्या दिवसापासून सुरू होईल, असं त्यातच लिहून घ्यावं. रकाना ११ मध्ये पीकेपीएसचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तिथल्या खात्यावरचं नावही त्याच वेळी सुधारून घ्यावं. नाहीतर कर्ज फेडल्यावर बोजा कमी करण्याचं पत्र जुन्या नावाने येतं आणि नव्या नावाच्या उताऱ्यावर ते चढत नाही.

महसूल खात्याने 'भू सुरक्षा' योजनेत रेकॉर्ड रूममधली जुनी दप्तरं स्कॅन करण्याचं काम हाती घेतलं आहे. स्कॅन झालं की नकला मिळणं सोपं होईल, पण मोडी किंवा मराठी पानावर काय लिहिलंय ते वाचणारा माणूस मात्र लागेलच. गावात अशी वाचता येणारी वडीलधारी माणसं आहेत तोवर आपापल्या सगळ्या नंबरांच्या नकला काढून त्यांच्याकडून वाचून घेणं शहाणपणाचं. चूक कोणत्या कागदात शिरली हे आज सांगू शकणारे तेच आहेत.